वर्तुळाची स्पर्शिका आणि बाहेरच्या बिंदूपासून तिची लांबी: एकाच राशीतून दोन्ही उत्तरे

निर्देशक भूमितीत वर्तुळ आणि एक बिंदू दिला की स्पर्शिकेविषयी दोन प्रश्न उभे राहतात. बिंदू वर्तुळावर असेल, तर त्या बिंदूपाशी वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या रेषेचे समीकरण हवे असते. बिंदू वर्तुळाबाहेर असेल, तर तिथून स्पर्शबिंदूपर्यंतच्या रेषाखंडाची, म्हणजे स्पर्शिकाखंडाची, लांबी हवी असते. या दोन प्रश्नांसाठी दोन निरनिराळी सूत्रे पाठ करण्याची पद्धत आहे आणि परीक्षेच्या घाईत एकाच्या जागी दुसरे वापरले जाते. वास्तविक दोन्ही उत्तरे वर्तुळाच्या समीकरणाच्या डाव्या बाजूतूनच निघतात. तिच्यात बिंदूचे निर्देशक अर्ध्या जागी ठेवले की स्पर्शिका मिळते आणि सगळ्या जागी ठेवले की लांबीचा वर्ग मिळतो. हे कसे घडते आणि कुठे फसते, ते एकच वर्तुळ शेवटपर्यंत हाती धरून पाहू.

समीकरण आधी नीट मांडून घ्यावे

आपले वर्तुळ असे आहे:

x² + y² − 6x − 4y − 12 = 0

हे x² + y² + 2gx + 2fy + c = 0 या सामान्य रूपात आहे. त्याच्याशी तुलना केली तर 2g = −6 म्हणून g = −3, 2f = −4 म्हणून f = −2 आणि c = −12. केंद्राचे निर्देशक (−g, −f) असतात, म्हणून केंद्र C(3, 2) आहे; आणि त्रिज्येचा वर्ग g² + f² − c असतो, म्हणून r² = 9 + 4 + 12 = 25 आणि r = 5.

या पायरीत दोन ठिकाणी हात घसरतो. पहिले ठिकाण चिन्हांचे आहे: समीकरणात −6x दिसते म्हणून केंद्राचा x-निर्देशक −3 लिहिला जातो, परंतु तो +3 आहे, कारण (x − 3)² चा विस्तार केल्यावरच −6x हे पद मिळते. दुसरे ठिकाण c चे आहे. c ऋण असताना g² + f² − c मध्ये वजाचे अधिक होते, आणि ते विसरल्यास येथे 25 ऐवजी 1 येईल. शंका असल्यास पूर्ण वर्ग करून समीकरण (x − 3)² + (y − 2)² = 25 असे लिहून पाहावे. त्याला फार तर अर्धा मिनिट लागतो आणि दोन्ही चुका तिथल्या तिथे उघड्या पडतात.

x² आणि y² यांचे सहगुणक 1 नसतील, उदाहरणार्थ समीकरण 2x² + 2y² − 12x − 8y − 24 = 0 असे दिले असेल, तर सर्वप्रथम 2 ने भागून घ्यावे. वर्तुळ तेच आहे, पण न भागता पुढे गेल्यास काय होते ते लांबीच्या भागात दिसेल.

बिंदू कुठे आहे हे ठरवणे

डाव्या बाजूच्या राशीला S असे नाव देऊ, म्हणजे S = x² + y² − 6x − 4y − 12. एखाद्या बिंदूचे निर्देशक x आणि y च्या जागी ठेवल्यावर येणारी संख्या शून्य असेल तर बिंदू वर्तुळावर आहे, धन असेल तर बाहेर आहे आणि ऋण असेल तर आत आहे. कारण सरळ आहे: S म्हणजेच (x − 3)² + (y − 2)² − 25, आणि यातील पहिली दोन पदे मिळून त्या बिंदूच्या केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग होतो. म्हणजे S ही राशी “अंतराचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग” एवढेच सांगत असते.

P(6, 6) हा बिंदू घेऊ. 36 + 36 − 36 − 24 − 12 = 0, म्हणून P वर्तुळावर आहे. आता Q(14, 0) घेऊ. 196 + 0 − 84 − 0 − 12 = 100, म्हणून Q बाहेर आहे. ही तपासणी केल्याशिवाय कोणतेही सूत्र हाती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. प्रश्नात “वर्तुळावरील बिंदू” असे लिहिलेले असले तरीही ती करावी, कारण आकडा उतरवताना चूक झाली असेल तर ती इथेच कळते.

वर्तुळावरील बिंदूपाशी स्पर्शिका

स्पर्शिका स्पर्शबिंदूपाशी त्रिज्येला लंब असते, आणि या भागातील सगळे काम या एका गुणधर्मावर चालते. P(6, 6) साठी आधी सूत्राशिवाय करून पाहू. C(3, 2) पासून P(6, 6) पर्यंतच्या त्रिज्येचा चढ (6 − 2)/(6 − 3) = 4/3 आहे. परस्परांना लंब असलेल्या रेषांच्या चढांचा गुणाकार −1 असतो, म्हणून स्पर्शिकेचा चढ −3/4 आहे. ती P मधून जाते, म्हणून

y − 6 = −(3/4)(x − 6)

दोन्ही बाजूंना 4 ने गुणून 4y − 24 = −3x + 18, म्हणजेच

3x + 4y − 42 = 0

ही पद्धत समजायला उत्तम आहे, पण तिला एक मर्यादा आहे. स्पर्शबिंदू (3, 7) असेल तर त्रिज्या उभी असते आणि तिचा चढच काढता येत नाही. स्पर्शबिंदू (8, 2) असेल तर त्रिज्या आडवी असते, तिचा चढ शून्य येतो आणि स्पर्शिकेचा चढ काढताना शून्याने भागण्याची वेळ येते. या दोन बिंदूंपाशी स्पर्शिका अनुक्रमे y = 7 आणि x = 8 आहेत हे आकृतीवरून लगेच दिसते, परंतु आकृती न काढता आकडेमोड करणारा तिथे अडतो.

चढ टाळून लंबत्व मांडले की ही अडचण राहत नाही. केंद्र (h, k) आणि स्पर्शबिंदू (x₁, y₁) मानू, आणि स्पर्शिकेवरचा कोणताही बिंदू (x, y) घेऊ. स्पर्शबिंदूपासून (x, y) कडे जाणारी दिशा त्रिज्येला लंब आहे, ही अट अशी लिहिता येते:

(x − x₁)(x₁ − h) + (y − y₁)(y₁ − k) = 0

स्पर्शबिंदू वर्तुळावर असल्यामुळे (x₁ − h)² + (y₁ − k)² = r² हेही खरे आहे. ही दोन समीकरणे मिळवली की पहिल्या कंसांतील x₁ आणि y₁ निघून जातात आणि उरते

(x − h)(x₁ − h) + (y − k)(y₁ − k) = r²

वर्तुळाच्या (x − h)² + (y − k)² = r² या समीकरणाशेजारी हे ठेवून पाहावे. प्रत्येक वर्गातील दोन समान कंसांपैकी एकात x तसाच राहिला आहे आणि दुसऱ्यात x₁ आला आहे. “अर्ध्या जागी निर्देशक ठेवणे” म्हणजे हेच. सामान्य रूपात हाच नियम असा दिसतो: x² च्या जागी xx₁, y² च्या जागी yy₁, 2x च्या जागी x + x₁, 2y च्या जागी y + y₁ लिहावे आणि स्थिरपद तसेच ठेवावे.

xx₁ + yy₁ + g(x + x₁) + f(y + y₁) + c = 0

या डाव्या बाजूला T म्हणू. आपल्या वर्तुळासाठी −6x म्हणजे −3 · 2x, म्हणून तिथे −3(x + x₁) येईल, आणि −4y च्या जागी −2(y + y₁) येईल. P(6, 6) ठेवून पाहू:

6x + 6y − 3(x + 6) − 2(y + 6) − 12 = 0

कंस सोडवल्यावर 3x + 4y − 42 = 0 हेच समीकरण मिळते. (8, 2) ठेवल्यास 8x + 2y − 3(x + 8) − 2(y + 2) − 12 = 5x − 40, म्हणजे x = 8 हे उत्तर कोणतीही वेगळी काळजी न घेता येते. येथे सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे −6x च्या जागी −6(x + x₁) लिहिणे, म्हणजे निम्मे करायला विसरणे. ती ओळखणे सोपे आहे: मिळालेल्या रेषेत स्पर्शबिंदू परत ठेवला की शून्य येत नाही.

परंतु ती रेषा स्पर्शबिंदूतून जाते एवढ्यावर समाधान मानू नये, कारण P मधून असंख्य रेषा जातात. खरी खात्री दुसऱ्या तपासणीने होते: केंद्रापासून रेषेचे लंबांतर त्रिज्येइतके असले पाहिजे. C(3, 2) पासून 3x + 4y − 42 = 0 या रेषेचे लंबांतर |9 + 8 − 42| / √(3² + 4²) = 25/5 = 5 आहे, आणि त्रिज्याही 5 आहे. दोन्ही तपासण्या जमल्या म्हणजे उत्तराविषयी शंका उरत नाही.

बाहेरच्या बिंदूपासून स्पर्शिकाखंडाची लांबी

आता Q(14, 0) कडे वळू. Q पासून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढता येतात आणि दोन्ही स्पर्शिकाखंडांची लांबी सारखी असते, म्हणून “लांबी किती” या प्रश्नाला एकच उत्तर आहे. त्यांपैकी एकीचा स्पर्शबिंदू कोणताही असो, त्याला M म्हणू. CM ही त्रिज्या QM ला लंब आहे, म्हणून C, M आणि Q मिळून काटकोन त्रिकोण होतो, त्याचा काटकोन M पाशी असतो आणि CQ हा कर्ण असतो. पायथागोरसच्या प्रमेयाने

QM² = CQ² − r²

CQ² = (14 − 3)² + (0 − 2)² = 121 + 4 = 125, म्हणून QM² = 125 − 25 = 100 आणि लांबी 10 एकक आहे. स्पर्शबिंदू कुठे आहे हे न शोधताच लांबी मिळाली, ही या रीतीची मोठी सोय आहे.

पण “अंतराचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग” ही राशी आपण आधीच पाहिली आहे. तीच S आहे. बिंदू बाहेर आहे की नाही हे तपासताना Q साठी 100 ही संख्या आली होती, आणि ती संख्याच लांबीचा वर्ग होती. म्हणून सूत्र एवढेच आहे:

लांबी = √(x₁² + y₁² + 2gx₁ + 2fy₁ + c)

केंद्र आणि त्रिज्या काढण्याचीही गरज नाही. वर्गमूळ घ्यायचे मात्र लक्षात ठेवावे; घाईत “लांबी 100” असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात. आकृतीवर एक नजर टाकली तरी ही चूक कळते, कारण स्पर्शिकाखंड हा काटकोन त्रिकोणाची बाजू असल्यामुळे तो CQ पेक्षा, म्हणजे सुमारे 11.18 पेक्षा, लहानच असला पाहिजे.

आता सहगुणक 1 करून घेण्याच्या सूचनेचे कारण स्पष्ट होईल. 2x² + 2y² − 12x − 8y − 24 या न भागलेल्या राशीत Q ठेवला तर 200 येतात आणि लांबी सुमारे 14.14 निघते, जी कर्णापेक्षाही मोठी आहे. स्पर्शिकेच्या समीकरणात अशी चूक लपून राहते, कारण तिथे संपूर्ण समीकरण 2 ने गुणले गेले तरी रेषा बदलत नाही. लांबीच्या सूत्रात उजवीकडे शून्य नसते, म्हणून तिथे तो 2 सरळ उत्तरात शिरतो.

बिंदू आत असेल तर काय होते, तेही पाहावे. (5, 3) ठेवल्यास 25 + 9 − 30 − 12 − 12 = −20 येते. ऋण संख्येचे वर्गमूळ वास्तव संख्यांत नसते, आणि आतल्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढता येत नाही, या दोन गोष्टी इथे एकमेकींशी जुळतात. त्या 20 लाही अर्थ आहे: या बिंदूतून जाणाऱ्या सर्वांत लहान जीवेच्या निम्म्या लांबीचा वर्ग 20 आहे. स्पर्शिकेच्या प्रश्नात मात्र ऋण संख्या आली की “स्पर्शिका नाही” एवढेच लिहून थांबावे, चिन्ह बदलून पुढे जाऊ नये.

Q साठी आलेल्या 100 ची आणखी एक पडताळणी गमतीची आहे. Q हा x-अक्षावर आहे, आणि x-अक्ष या वर्तुळाची छेदिका आहे. y = 0 ठेवल्यावर x² − 6x − 12 = 0 मिळते आणि त्याची मुळे 3 + √21 आणि 3 − √21 आहेत. Q पासून या दोन छेदनबिंदूंची अंतरे 11 − √21 आणि 11 + √21 आहेत, आणि त्यांचा गुणाकार 121 − 21 = 100 येतो. स्पर्शिका-छेदिका खंडांचे हे प्रमेय युक्लिडच्या काळापासून ज्ञात आहे, आणि Q मधून दुसरी कोणतीही छेदिका घेतली तरी गुणाकार 100 च येईल.

स्पर्शिकेचे सूत्र बाहेरच्या बिंदूला लावले तर

या विषयातील सर्वांत महागात पडणारी चूक अशी आहे की बिंदू कुठे आहे हे न पाहता T = 0 लिहिले जाते. Q(14, 0) साठी तसे करून पाहू:

14x + 0 · y − 3(x + 14) − 2(y + 0) − 12 = 0

म्हणजे 11x − 2y − 54 = 0. हे एका रेषेचे व्यवस्थित समीकरण आहे आणि त्यात वरवर काहीही खटकत नाही, म्हणूनच ते धोक्याचे आहे. मात्र Q त्यात परत ठेवला तर 154 − 0 − 54 = 100 येते. शून्य आले नाही, म्हणजे ही रेषा Q मधून जातच नाही. मग ती Q मधून काढलेली स्पर्शिका असणे शक्य नाही.

उरलेली संख्या पुन्हा 100 आहे, हा योगायोग नाही. T मध्ये अर्ध्या जागी Q आधीच ठेवलेला होता. आता उरलेल्या अर्ध्या जागीही ठेवल्यावर सगळ्या जागी Q झाला, म्हणजेच S मध्ये Q ठेवल्यासारखे झाले. म्हणून मिळालेल्या रेषेत दिलेला बिंदू परत ठेवण्याची तपासणी दुहेरी उपयोगाची आहे: शून्य आले तर रेषा स्पर्शिका आहे, आणि धन संख्या आली तर बिंदू बाहेर असून ती संख्या स्पर्शिकाखंडाच्या लांबीचा वर्ग आहे. अट एवढीच की मधल्या पायरीत समीकरणाला कशाने भागलेले किंवा गुणलेले नसावे.

मग 11x − 2y − 54 = 0 ही रेषा आहे तरी कोणती? ती Q पासून काढलेल्या दोन स्पर्शिकांचे स्पर्शबिंदू जोडणारी रेषा, म्हणजे स्पर्शजीवा आहे. P(6, 6) तिच्यात ठेवून पाहावा: 66 − 12 − 54 = 0. P तिच्यावर आहे, आणि Q(14, 0) हा P पाशी काढलेल्या 3x + 4y − 42 = 0 या स्पर्शिकेवर आहे, कारण 42 + 0 − 42 = 0. P आणि Q मधील अंतर √(8² + 6²) = 10 हेही लांबीच्या उत्तराशी जुळते.

बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिकांची समीकरणे हवी असतील तर

यासाठी T = 0 हा थेट मार्ग नाही. Q मधून जाणारी, चढ m असलेली रेषा y = m(x − 14), म्हणजे mx − y − 14m = 0, अशी लिहावी आणि केंद्रापासून तिचे लंबांतर त्रिज्येइतके असावे ही अट घालावी:

|3m − 2 − 14m| / √(m² + 1) = 5

दोन्ही बाजूंचे वर्ग करून (11m + 2)² = 25(m² + 1), आणि पदे एकत्र केल्यावर 96m² + 44m − 21 = 0 हे वर्गसमीकरण मिळते. त्याची मुळे −3/4 आणि 7/24 आहेत. पहिले मूळ ओळखीची 3x + 4y − 42 = 0 ही स्पर्शिका देते. दुसरे 7x − 24y − 98 = 0 ही स्पर्शिका देते, आणि तिचे केंद्रापासूनचे लंबांतर |21 − 48 − 98| / 25 = 125/25 = 5 आहे. ही दुसरी स्पर्शिका वर्तुळाला (4.4, −2.8) या बिंदूपाशी स्पर्श करते, तो बिंदू स्पर्शजीवेवर आहे, कारण 48.4 + 5.6 − 54 = 0, आणि Q पासून त्याचे अंतर √(9.6² + 2.8²) = √(92.16 + 7.84) = 10 आहे.

या रीतीत एकच खड्डा आहे आणि तो पुन्हा उभ्या रेषेचा आहे. समजा Q ऐवजी (8, 12) हा बिंदू दिला. S ची किंमत 64 + 144 − 48 − 48 − 12 = 100 येते, म्हणजे बिंदू बाहेर आहे आणि दोन स्पर्शिका असल्याच पाहिजेत. y − 12 = m(x − 8) मानून तीच अट घातली की (10 − 5m)² = 25(m² + 1) मिळते; दोन्ही बाजूंचे 25m² निघून जातात आणि m = 3/4 हे एकच उत्तर उरते. येथे “एकच स्पर्शिका आहे” असा निष्कर्ष काढू नये. m² चे पद नाहीसे होणे ही दुसरी स्पर्शिका y-अक्षाला समांतर असल्याची खूण आहे, कारण अशा रेषेला चढ नसतो आणि म्हणून ती m च्या समीकरणात सापडत नाही. दिलेल्या बिंदूतून जाणारी उभी रेषा x = 8 आहे, केंद्रापासून तिचे अंतर 8 − 3 = 5 आहे, आणि म्हणून दुसरी स्पर्शिका तीच आहे; पहिली 3x − 4y + 24 = 0 आहे.